उपग्रहाचं घड्याळ १८ सेकंद पुढे, तरी आपली वेळ बरोबर कशी? स्वतःच्या रिसिव्हरवर पडताळायची रीत

माझ्याकडे एक जुनं जीपीएस मॉड्यूल आहे, २०१३ च्या सुमाराचं. कित्येक महिने कपाटात पडून राहिलं की त्याची छोटी बॅटरी पूर्ण उतरते. मग ते गच्चीवर नेऊन लॅपटॉपला जोडलं की दरवेळी एकच प्रकार घडतो. मिनिटभरात उपग्रह सापडतात, स्थान अचूक येतं, वेळही दिसू लागते, पण ती वेळ दोन सेकंद पुढे असते. काही मिनिटं ती तशीच पुढे राहते आणि मग अचानक दोन सेकंद मागे येऊन बरोबर चालू लागते.

मॉड्यूल बिघडलेलं नाही. उपग्रहाच्या वेळेवरून आपली वेळ काढण्यासाठी लागणारा एक आकडा त्याला सुरुवातीला ठाऊक नसतो आणि तोवर ते जुन्या आकड्यावर भागवतं, इतकंच. हा आकडा कुठून येतो, कधी येतो आणि तो आला आहे हे कसं ओळखायचं, ते इथे क्रमाने सांगतो. एखादं साधं मॉड्यूल, यूएसबी जोडणी आणि मोकळं आकाश एवढं असेल तर सगळं स्वतः करून पाहता येईल.

आधी १८ चा हिशेब

यूटीसी ही जगाची नागरी वेळ. ती अणुघड्याळांवर चालते, पण पृथ्वीच्या फिरण्याशी तिचा मेळ राहावा म्हणून गरज पडेल तेव्हा तिच्यात एक जादा सेकंद घालतात. हा लीप सेकंद. घालायचा की नाही ते पृथ्वीच्या परिवलनावर लक्ष ठेवणारी आंतरराष्ट्रीय संस्था आयईआरएस ठरवते आणि काही महिने आधी जाहीर करते.

जीपीएसची वेळ ६ जानेवारी १९८० च्या मध्यरात्री, यूटीसीप्रमाणे ०० वाजता, यूटीसीशी जुळवून सुरू झाली. त्यानंतर तिच्यात एकही लीप सेकंद घातलेला नाही. कारण सरळ आहे. रिसिव्हर स्थान काढतो ते सिग्नलला लागलेल्या वेळेवरून, आणि एका सेकंदात प्रकाश सुमारे तीन लाख किलोमीटर जातो. ज्या घड्याळावर अंतर मोजायचं त्यात मध्येच एक सेकंद घुसवणं परवडणारं नाही. म्हणून जीपीएसचं घड्याळ अखंड चालत राहतं आणि यूटीसी दर लीप सेकंदाला त्याच्या एक पाऊल मागे पडते.

१९८० पासून आजवर असे १८ लीप सेकंद घातले गेले. शेवटचा ३१ डिसेंबर २०१६ च्या अखेरीस, म्हणजे भारतात १ जानेवारी २०१७ च्या पहाटे. त्या दिवशी आपल्याकडे ०५:२९:५९ नंतर ०५:२९:६० आलं आणि मग साडेपाच वाजले. तेव्हापासून जीपीएस वेळ यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे. पुढे म्हणजे जीपीएसचा आकडा मोठा, हे पक्कं लक्षात ठेवा. वजाबाकी उलटी केली की चूक ३६ सेकंदांची होते, आणि ती मी लोकांच्या फायलींत प्रत्यक्ष पाहिली आहे.

पायरी १: उपग्रह नेमकं काय सांगतो ते ओळखा

उपग्रह तारीख पाठवत नाही, तास-मिनिटंही पाठवत नाही. तो दोनच गोष्टी सांगतो: कितवा आठवडा चालू आहे आणि आठवडा सुरू होऊन किती वेळ झाला. आठवडा शनिवार-रविवारच्या मध्यरात्री सुरू होतो, आपल्या नव्हे, जीपीएसच्या मध्यरात्री.

जुन्या आणि अजूनही सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या संदेशात आठवड्याला १० बिट दिलेले आहेत, म्हणून ही मोजणी ० ते १०२३ पर्यंत जाऊन पुन्हा शून्यावर येते. आठवड्यातली वेळ ६-६ सेकंदांच्या घरांत मोजलेली असते, कारण संदेशाचा एकेक तुकडा ६ सेकंदांचा असतो. असे पाच तुकडे मिळून ३० सेकंदांची एक चौकट होते. एक बारकावा: तुकड्यात लिहिलेली वेळ त्या तुकड्याची नसते, पुढचा तुकडा सुरू होण्याची असते. स्वतः बिट वाचणारा प्रोग्राम लिहिताना हे विसरलं की सगळी वेळ नेमकी ६ सेकंद पुढे येते.

पायरी २: एक क्षण हाताने सोडवून पाहा

समजा रिसिव्हरच्या हाती आठवडा ३३१ आणि ६ सेकंदांची ६८७०३ घरं एवढंच लागलं. आपल्याकडे किती वाजले?

६८७०३ ला ६ ने गुणलं की ४१२२१८ सेकंद येतात. दिवसाचे ८६४०० सेकंद, म्हणजे पूर्ण चार दिवस गेले, ३४५६०० सेकंद. रविवारपासून चार दिवस म्हणजे आज गुरुवार. उरले ६६६१८ सेकंद, म्हणजे १८ तास ३० मिनिटं १८ सेकंद. ही झाली जीपीएस वेळ. तिच्यातून १८ वजा केले की यूटीसी येते: गुरुवार, १८:३०:००.

आता तारीख. ३३१ हा खरा आठवडा नव्हे, कारण १९८० पासून ही मोजणी दोनदा शून्यावर आलेली आहे, ऑगस्ट १९९९ मध्ये आणि एप्रिल २०१९ मध्ये. म्हणून त्यात दोनदा १०२४ मिळवायचे: २३७९. ६ जानेवारी १९८० पासून २३७९ आठवडे मोजले की १० ऑगस्ट २०२५ चा रविवार येतो आणि त्या आठवड्यातला गुरुवार म्हणजे १४ ऑगस्ट.

यूटीसीत साडेपाच तास मिळवले की भारतीय वेळ येते. १८:३० अधिक ५:३०, म्हणजे १५ ऑगस्ट २०२५, मध्यरात्री बरोबर बारा. इथे तारीख बदलली आहे, हे मुद्दाम निवडलेलं उदाहरण आहे. साडेपाच तास फक्त तास-मिनिटांत मिळवून तारखेला हात न लावणारी घरगुती घड्याळं बरीच पाहिली आहेत. रात्री बारापासून पहाटे साडेपाचपर्यंत ती कालची तारीख दाखवतात.

हेच पायथॉनमध्ये:

```python
from datetime import datetime, timedelta, timezone

week = 331 + 2 * 1024
tow  = 68703 * 6
leap = 18

start = datetime(1980, 1, 6, tzinfo=timezone.utc)
utc = start + timedelta(weeks=week, seconds=tow - leap)
ist = timezone(timedelta(hours=5, minutes=30))

print(utc)                  # 2025-08-14 18:30:00+00:00
print(utc.astimezone(ist))  # 2025-08-15 00:00:00+05:30
```

या सगळ्या हिशेबात उपग्रहाच्या घड्याळाबाहेरून आलेल्या गोष्टी तीन आहेत: दोनदा १०२४, १८ आणि साडेपाच तास. वेळ चुकते ती बहुधा या तिघांपैकी एकीमुळे, आणि चूक केवढी आहे ते पाहूनच कोणती ते कळतं.

पायरी ३: १८ कधी येतो ते ठाऊक करून घ्या

माझ्या मॉड्यूलच्या दोन सेकंदांचं उत्तर इथे आहे. हा आकडा उपग्रहच पाठवतो, पण फार सावकाश. चौकटीच्या चौथ्या तुकड्यात दर वेळी वेगळं पान येतं, अशी एकूण २५ पानं आहेत, आणि सगळी येऊन जायला २५ चौकटी म्हणजे साडेबारा मिनिटं लागतात. यूटीसीची माहिती त्यातल्या १८ व्या पानावर असते. पान १८ आणि फरकही १८, हा निव्वळ योगायोग.

सगळे जीपीएस उपग्रह एकच पान एकाच वेळी पाठवतात, त्यामुळे बारा उपग्रह दिसले म्हणून ते बारापट लवकर मिळत नाही. वरच्या उदाहरणातली मध्यरात्र घ्या. पानांचा फेरा आठवड्याच्या सुरुवातीपासून ७५०-७५० सेकंदांनी चालतो. १५ ऑगस्टच्या मध्यरात्री चालू फेऱ्याचे ४६८ सेकंद झालेले होते. १८ वं पान फेऱ्याच्या ५२८ व्या सेकंदाला सुरू होऊन ५३४ व्याला संपतं. म्हणजे ते आपल्याकडे रात्री ००:०१:०० ते ००:०१:०६ या सहा सेकंदांत आलं. बाराच्या ठोक्याला चालू केलेल्या रिसिव्हरने तोवर सिग्नल पकडला असेल तर मिनिटभरात काम झालं. पण त्याला सव्वा मिनिट लागलं असेल, किंवा नेमक्या त्या सहा सेकंदांत वर आडोसा आला असेल, तर पुढची संधी थेट ००:१३:३० ला. खिडकीत ठेवलेला रिसिव्हर अर्धा तास चुकीची वेळ दाखवतो तो यामुळेच: स्थानासाठी लागणारी माहिती दर ३० सेकंदांनी येते म्हणून ती सुटली तरी भरून निघते, हे पान सुटलं की साडेबारा मिनिटं गेली.

तोवर रिसिव्हर काय करतो? उत्पादकाने सॉफ्टवेअर लिहिताना जो फरक चालू होता तो त्याच्या पोटात कोरलेला असतो, तोच वापरतो. जुलै २०१२ ते जून २०१५ या काळात फरक १६ होता. माझं मॉड्यूल त्या काळातलं, म्हणून १८ ऐवजी १६ वजा करतं आणि वेळ दोन सेकंद पुढे दाखवतं. अलीकडच्या मॉड्यूलमध्ये १८ च कोरलेला असतो, म्हणून हा प्रकार दिसत नाही. फरक बदलला की आज बरोबर दिसणारी हीच मॉड्यूल्स गार अवस्थेतून, म्हणजे सगळी आठवण पुसलेली असताना, उठताना चुकू लागतील. ज्या रिसिव्हरची बॅटरी शाबूत आहे तो मागच्या वेळी मिळालेला आकडा लक्षात ठेवतो. गॅलिलिओसारख्या दुसऱ्या प्रणालीही पकडणाऱ्या रिसिव्हरला ही माहिती तिकडूनही आणि बरीच लवकर मिळू शकते.

पायरी ४: आपल्या रिसिव्हरला विचारा

बाहेर येणारी नेहमीची ओळ आधी पाहा. वरच्या क्षणासाठी ती अशी दिसेल:

```
$GPZDA,183000.00,14,08,2025,00,00*64
```

ही यूटीसी आहे, जीपीएस वेळ नव्हे. १८ सेकंद आधीच वजा झालेले आहेत. ते पुन्हा वजा करू नका. शेवटचे दोन ००,०० हे स्थानिक वेळेच्या फरकाचे रकाने, आणि ते जवळजवळ नेहमी शून्यच असतात.

या ओळीत एक मोठी उणीव आहे: १८ हा आकडा उपग्रहाकडून आलेला आहे की पोटातला, ते ती सांगत नाही. ती निर्धास्तपणे चुकीची वेळही दाखवते. म्हणून मॉड्यूलची स्वतःची भाषा वाचावी लागते. यू-ब्लॉक्स कंपनीचं आठव्या पिढीचं किंवा नंतरचं मॉड्यूल असेल तर तिचा u-center हा प्रोग्राम लॅपटॉपवर उघडून `UBX-NAV-TIMELS` हा संदेश चालू करा. त्यात `currLs` मध्ये सध्याचा फरक दिसतो आणि `srcOfCurrLs` मध्ये तो कुठून घेतला ते. तिथे 0 असेल तर आकडा पोटातला, 2 असेल तर जीपीएसच्या संदेशातून आलेला. शेजारी `UBX-NAV-TIMEGPS` उघडलात तर आठवडा, आठवड्यातले सेकंद आणि `leapS` समोर दिसतात. ते घेऊन दुसऱ्या पायरीतला हिशेब स्वतःच्या आकड्यांवर करून पाहा.

आता मॉड्यूल गार अवस्थेतून सुरू करा. u-center मध्ये त्यासाठी कोल्ड स्टार्टचं बटण आहे. ते सगळी आठवण पुसतं. फक्त जीपीएस चालू ठेवून बाकी प्रणाली बंद केल्यात तर `srcOfCurrLs` 0 वरून 2 वर जाण्याचा क्षण पकडता येतो. तो क्षण टिपून ठेवा आणि पानाच्या वेळापत्रकाशी ताडून पाहा. आठवड्यातल्या सेकंदांना ७५० ने भागून उरलेली बाकी ५३४ च्या आसपास आली पाहिजे. मला हा सगळ्या प्रयोगातला सर्वांत सुंदर भाग वाटतो: वीस हजार किलोमीटरवरून येणारं एक विशिष्ट पान आपल्या गच्चीवर आपण सांगितलेल्या सेकंदाला येऊन पोचतं.

घड्याळ बनवत असाल तर नियम एकच: फरक उपग्रहाकडून आल्याची खूण मिळेपर्यंत वेळ दाखवूच नका, किंवा ती कच्ची आहे हे पडद्यावर दिसू द्या.

पायरी ५: दुसऱ्या घड्याळाशी जुळवा

भारतीय प्रमाणवेळ सांभाळते ती नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा. तिचा वेळेचा सर्व्हर `time.nplindia.org` आहे. लॅपटॉप त्याच्याशी जुळवा आणि रिसिव्हरशी ताडून पाहा.

इथे अर्ध्या-पाऊण सेकंदाचा फरक दिसला तर दचकू नका. तो तारेचा आहे. ९६०० वेगाच्या जोडणीवरून सेकंदाला सुमारे ९६० अक्षरं जातात. रिसिव्हर दर सेकंदाला चार-पाचशे अक्षरांच्या ओळी पाठवत असेल तर शेवटची ओळ यायलाच अर्धा सेकंद जातो. ओळ सांगते ‘कोणता सेकंद’. ‘नेमका कधी’ हे सांगायला मॉड्यूलवर पीपीएस नावाची वेगळी पिन असते आणि तिच्यावर दर सेकंदाच्या आरंभी एक ठोका येतो.

खरी चूक पूर्ण सेकंदांची असते. नेमका एक-दोन सेकंदांचा फरक असेल तर पोटातला जुना आकडा. नेमके १८ असतील तर कुठेतरी वजाबाकी झालीच नाही किंवा दोनदा झाली: वेळ पुढे असेल तर पहिलं, मागे असेल तर दुसरं. १४ सेकंदांचा घोळ दिसला तर चीनच्या बेइडू प्रणालीची वेळ मिसळली आहे, कारण तिची मोजणी २००६ पासून सुरू झाली आणि ती यूटीसीच्या फक्त ४ सेकंद पुढे आहे. आपल्या नाविकचं घड्याळ मात्र जीपीएसच्याच पावलावर ठेवलेलं आहे, तिथेही फरक १८ च.

वेळ आणि वार बरोबर, पण तारीख जवळजवळ वीस वर्षं मागची, असं दिसलं तर १०२४ चुकले. १५ ऑगस्ट २०२५ ऐवजी असा रिसिव्हर ३० डिसेंबर २००५ दाखवेल. दोन्ही शुक्रवारच, कारण चूक पूर्ण आठवड्यांची आहे. मोजणी पुन्हा शून्यावर येणार आहे ती नोव्हेंबर २०३८ मध्ये.

साडेपाच तास कोण मिळवतं

उपग्रहाच्या संदेशात कालक्षेत्राचा उल्लेखही नसतो. यूटीसीपासूनचा हा फरक रिसिव्हरला किंवा त्याच्या पाठीमागच्या उपकरणाला स्वतःच मिळवावा लागतो. साध्या घड्याळात हा फरक माणूस भरतो. फोन तो मोबाइल नेटवर्ककडून घेतो किंवा स्थान नकाशावरच्या कालक्षेत्रांशी ताडतो आणि `Asia/Kolkata` निवडतो.

नुसत्या रेखांशावरून तो काढता येत नाही. १५ अंशांना एक तास हा शाळेतला हिशेब मुंबईला लावला तर ग्रीनिचच्या पुढे सुमारे ४ तास ५१ मिनिटं येतात, आणि खरोखर जुनी ‘मुंबई टाइम’ तीच होती. आजची साडेपाच तासांची वेळ ८२.५ अंश रेखांशाची, मिर्झापूरजवळून जाणारी. सीमा ओलांडून नेपाळात गेलं की ५:४५. वेळेची ही वाटणी सरकारं करतात, म्हणून ती कोष्टकातच ठेवावी लागते.

सेकंदाच्या खालचं अंतर

१८ व्या पानावर पूर्ण सेकंदांबरोबर एक बारीक दुरुस्तीही असते. रिसिव्हर खरं तर हे करतो:

```
UTC = GPS - dtLS - A0 - A1*(t - tot)
```

`dtLS` म्हणजे आपले १८. `A0` आणि `A1` ही अमेरिकेच्या नौदल वेधशाळेच्या यूटीसीपासून जीपीएसचं घड्याळ किती सरकलं आहे त्याची दुरुस्ती, एरवी काही अब्जांश सेकंदांची. २६ जानेवारी २०१६ रोजी एक जुना उपग्रह सेवेतून काढताना चुकीचा `A0` पंधरा उपग्रहांवर चढला आणि १३.७ मायक्रोसेकंदांची चूक प्रसारित झाली. स्थान दाखवणाऱ्या कुणालाही काही जाणवलं नाही. १३.७ मायक्रोसेकंद म्हणजे चार किलोमीटरहून जास्त, पण स्थानाच्या गणितात हे पान वापरलंच जात नाही. गोंधळ झाला तो या वेळेवर यंत्रणा चालवणाऱ्यांचा, ब्रिटनमधल्या डिजिटल रेडिओसह. स्थान बरोबर आहे म्हणून वेळही बरोबरच असेल, असं धरून चालणाऱ्यांनी हा दिवस लक्षात ठेवावा.

जिथे १८ वजा करायचेच नाहीत

ड्रोनने सर्वेक्षण करणाऱ्यांसाठी एक सूचना उरते. जमिनीवरच्या रिसिव्हरच्या राइनेक्स फायलीत नोंदी सहसा जीपीएस वेळेत असतात. शीर्षभागात `TIME OF FIRST OBS` च्या ओळीत GPS असं लिहिलेलं असतं. कॅमेऱ्याच्या फोटोंवर मात्र भारतीय वेळ असते. दोन्ही जुळवताना फोटोच्या वेळेतून साडेपाच तास वजा करा आणि मग १८ सेकंद मिळवा. ते राहिले तर सेकंदाला दहा मीटर वेगाने उडणाऱ्या ड्रोनचा प्रत्येक फोटो उड्डाणाच्या रेषेवर १८० मीटर सरकतो. सगळे फोटो एकाच अंतराने सरकतात, पण ड्रोन जाताना एका दिशेने आणि परतताना उलट दिशेने. म्हणून लागोपाठच्या दोन रेषांवरचे फोटो एकमेकांपासून ३६० मीटर दूर गेलेले दिसले, तर कॅमेरा किंवा अँटेना तपासण्याआधी हे १८ सेकंद तपासा.